अट सातवी

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे ट्रक पालघरमधून धडधडू लागले आणि वरच्या साहेबांना आमच्या रस्त्यांची आठवण झाली. गावातल्या सगळ्या रस्त्यांचा प्रकल्प अहवाल करायला सल्लागार नेमायचा होता. त्याच्या कामाच्या अटी आमचे इंजिनीयरसाहेब सांगत होते, मी टाइप करत होतो.

"अट सातवी. वाहतुकीची मोजणी जुलैत, सलग सात दिवस."

"जुलैतच का, साहेब?"

"पाणी कुठं साचतं तेही दिसेल. एका खेपेत दोन कामं!" साहेब स्वतःवरच खूश झाले.

कचेरीच्या दारात सातपाटीच्या हंसाबाई मासळीची पाटी उतरवून बसल्या होत्या. त्या खुदकन हसल्या. "जुलैत होड्या किनाऱ्यावर, आमी घरात. मंग रस्त्यात मोजनार कोनाला? बेडकांना?"

साहेबांनी चष्मा पुसला आणि दुरुस्ती सांगितली. पाण्याची पाहणी जुलैत, वाहतुकीची मोजणी नारळी पुनवेनंतर.

मी पुढची अट वाचून दाखवली, "सल्लागारास रस्त्यांचा किमान दहा वर्षांचा अनुभव असावा."

हंसाबाईंनी पाटी डोक्यावर घेतली. "माझी वीस झाली. पन सकाळी यायला जमायचं नाय हां, सायेब. सकाळी मासळी असते."