खालचे खाली

मिरचीला घरी एक आई होती आणि शाळेत एक बाई. दोघी एकच. घरी ‘आई’ म्हणायचं, शाळेच्या फाटकाच्या आत ‘बाई’, हा नियम आईनेच घातला होता आणि मिरची तो इमानाने पाळत होती. या घरात इमान पाळायचं काम बहुतेक तिच्याकडेच असे.

आणखी एक काम तिच्याकडे होतं, पण ते गुपित होतं. बाई खालच्या वर्गांचे चाचणीचे पेपर घरी तपासायला आणत आणि त्यांच्या गुणांची बेरीज मिरची करे. पहिल्या प्रश्नात दोनपैकी एक, दुसऱ्यात तीनपैकी एक, म्हणून एकूण पाचपैकी दोन. आईने शिकवलं होतं, “वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. सोप्पं!” मिरचीची बेरीज कधी चुकली नाही. “माझी हिशेबनीस गं ती,” असं आई म्हणे, अर्थात कोणी ऐकत नसताना.

त्या दिवशी मुख्याध्यापिका वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या. पाठ बघायला येणाऱ्या माणसाचा चेहरा पाठ आवडायचाच नाही असं ठरवल्यासारखा असतो. त्यांचाही होता. बाईंनी फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. “कोण सोडवेल?”

मिरची तिरासारखी उठली. एकात एक आणि दोनात तीन मिळवायचे, त्यात अवघड होतं काय! “वरचे वर, खालचे खाली,” म्हणत उत्तर लिहिलं, दोन छेद पाच. आणि खडू ठेवून आईकडे, म्हणजे बाईंकडे, बघून हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सारख्याच लांबीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या. एक पट्टी दोन सारख्या भागांत कापलेली, एक तीन, एक पाच, एक सहा. अर्धा तुकडा ठेवला आणि त्याला लागून तिसरा हिस्सा. त्यांच्याखाली पाच भागांच्या पट्टीतले दोन तुकडे ठेवले. ते दोन तुकडे तर नुसत्या अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचेनात.

“अय्या, मिळवल्यावर कमी झालं!” मागून कोणीतरी ओरडलं आणि वर्ग खिदळला.

“छेद म्हणजे तुकडा केवढा ते,” बाई म्हणाल्या. “तो मिळवायचा नसतो. तुकडे वेगवेगळ्या मापाचे असले की आधी एका मापाचे करायचे. दोनाच्या पटीत काय येतं? दोन, चार, सहा. तिनाच्या? तीन, सहा. दोघांत सहा आला, म्हणून सहावे भाग करू.” अर्ध्याखाली तीन सहावे तुकडे चपखल बसले, तिसऱ्या हिश्श्याखाली दोन. “तीन आणि दोन, पाच. पाच छेद सहा.”

मुख्याध्यापिकांनी मान हलवली आणि विचारलं, “पण या मुलीला हे खालचे खाली कोणी शिकवलं?”

मिरचीने आईकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “कोण जाणे! हल्लीची मुलं कुठून काय उचलतील, सांगता येत नाही.”

“कोणी नाही शिकवलं,” मिरची म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी आईने पेपरांचा गठ्ठा नेहमीसारखा तिच्यापुढे सरकवला. मिरचीने तो परत सरकवला.

“खालचे खाली मिळवायचे नसतात.”

“अगं वेडाबाई, गुणांची गोष्ट वेगळी!” आईने कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या, एक दोन घरांची आणि एक तीन घरांची. दोन्हींत एकेक घर रंगवलं आणि पट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या. “बघ. दोन गुणांचा प्रश्न ही एक पट्टी, तीन गुणांचा ही दुसरी. जोडल्यावर आख्खी पट्टीच पाच घरांची झाली, त्यातली दोन रंगलेली. इथे आख्खं वाढलं. वर्गात दोन्ही तुकडे एकाच मापाच्या पट्टीचे होते. तिथे आख्खं तेवढंच राहतं.”

मिरचीने पट्ट्या हातात घेऊन बघितल्या. पटलं तिला. तिला गणित लवकर पटायचं.

“हे वर्गात का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर गुणांची गोष्ट कुठून आली ते विचारलं असतं गं. मग पेपर तुझ्या हातात कसे, ते आलं. मोठ्यांच्या भानगडी असतात, राणी.”

“म्हणून मी कुठून तरी उचललं.”

“तसं नाही…”

“आणि तुला माहीत होतं. मी फळ्याकडे जातानाच माहीत होतं. पाचाची पट्टी आधीच कापून आणली होतीस.”

आई पेपर चाळू लागली. चाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. शेवटी स्वतःच बेरजा करू लागली आणि दुसऱ्याच पेपरात चुकली. मिरचीला ती चूक समोरून उलटीसुद्धा दिसत होती. तिने सांगितली नाही.

उठून तिने ताटं मांडली, पाणी ठेवलं, आणि दारात उभी राहून नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

“बाई, जेवायला चला.”