जेवायला कोण होतं?

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर असलेल्या संपतच्या घरात कपाटाच्या दाराला मासिकाचं एक पान चिकटवलेलं होतं. देशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची यादी. अकराव्या नंबराला लाल पेन्सिलीचा गोल. तो बघून चार वर्षांपूर्वी थोरल्या मुलाला, देवानंदला, पुण्याच्या त्या कॉलेजात धाडलं होतं. दोन वर्षांत तो परत आला, आणि तेव्हापासून घरात असून नसल्यासारखा होता. कोपऱ्यात बसायचा, हाक मारली की दचकायचा. काय झालं हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही.

आता धाकट्या सत्यशीलाला तेच पुण्याचं कॉलेज मिळालं होतं, आणि औरंगाबादचं सरकारीही. मूळ टीसी एकच. सोमवारी ती एकाच ठिकाणी जमा करायची होती.

"पुणंच," संपत म्हणाला. "यानं घालवलेलं नाव तू काढ."

सत्यशीला हट्टी. मैत्रिणीच्या मामाला सोबत घेऊन दोन्ही कॉलेजं बघून आली. पुण्याच्या इमारती झकास, कंपन्या रांगेनं येणाऱ्या. पण नावाजलेले प्राध्यापक पहिल्या वर्षाला शिकवतच नव्हते, आणि वर्गात एकशेवीस पोरं. औरंगाबादचं ग्रंथालय जुनाट, कंपन्या मोजक्या. पण साठांचा वर्ग, प्रॅक्टिकलला सर स्वतः उभे. स्कॉलरशिप तिथंच, आणि घर अडीच तासांवर.

"हे समदं बराबर हाय," संपत म्हणाला, "पण नंबर?"

कोपऱ्यातून आवाज आला. देवानंद बोलत होता.

"रविवारी सांजच्याला मेस बंद असती. मंग पोरं कोणासंगं जेवायला जातेत, ते इचारलंस का?"

सत्यशीलाला दादाची पत्रं आठवली. प्रत्येकात एकच ओळ: आज मित्रांसोबत बाहेर जेवलो.

"दादा, तू कोणासंगं जात होतास?"

"मी खोलीतच राह्यचो. ते विंग्रजीत हसायचे. मी पाणी पिऊन झोपायचो."

संपत उठला. कपाटापाशी गेला आणि नखानं ते पान खरवडू लागला. अर्धंच निघालं. अकरा नंबर दाराला तसाच राहिला.

सत्यशीलानं टीसी औरंगाबादला जमा केली. पहिल्या रविवारी संध्याकाळी तिला होस्टेलच्या फाटकावर बोलावणं आलं. लिंबाखाली देवानंद उभा होता, हातात डबा. एवढ्या लांब एकटा तो दोन वर्षांत पहिल्यांदाच आला होता.

"जेवलीस?"

"आत्ताच."

"कोणासंगं?"

"बेबीनंदा, केशर, राजूरची तुळजा, शहागडची सगुणा."

त्यानं डबा तिच्या हातात दिला नाही. छातीशी धरून तो नुसता उभा राहिला.

"परत सांग," तो म्हणाला. "हळू सांग."

तिनं चारही नावं परत सांगितली.