ल्योंग सरांच्या पदरचे वीस टक्के

इपोह शहरातल्या त्या जमीन मोजणीच्या फर्ममध्ये मेयोक एकतीस वर्षं कारकून होती. भागीदार तिघे. त्यातल्या कुणाला कशाचा राग येतो, कोण कुठल्या कागदावर न वाचता सही करतो, हे तिला तोंडपाठ होतं. भागीदारीचा मूळ करारही तिनेच टाइप केला होता. पण टाइप करणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे तिला त्या डिसेंबरात कळलं.

सर्वांत ज्येष्ठ ल्योंग सर. त्यांचा वाटा चाळीस टक्के, चोंग आणि रझाली यांचे तीस-तीस. ल्योंग सरांनी वर्षाखेरच्या जेवणात, सगळ्यांदेखत, आपली शिष्या तिलगा हिला भागीदार करून घ्यायचं जाहीर केलं. "वीस टक्के माझ्या वाडग्यातून," ते म्हणाले, "तुमच्या भाताला धक्का नाही." तिलगाची आई रडली. तिलगाने सरकारी नोकरीचा राजीनामा दिला.

"योक चे," चोंग मेयोकला सगळ्यांसारखाच ‘चे’, म्हणजे ताई, लावून म्हणाला, "तिलगासाठी कराराचा गोषवारा कर. मतं, बाहेर पडणं, नफा. एक पान. तुझं साहित्य नको."

"माझं साहित्य तुमच्या प्रवासखर्चात असतं," मेयोक म्हणाली आणि करार उघडला.

नफा सोपा होता. मतांच्या कलमापाशी मात्र तिचं बोट थांबलं. मतं माणशी एक नव्हती, नफ्याच्या टक्क्यांइतकी होती. सरांना वाटत होतं आपण भात वाढला. त्यांनी मतंही वाढली होती. आणि बाहेर पडण्याच्या कलमात होतं: सलग सहा महिने जागेवर मोजणी करू न शकणाऱ्याला पंचाहत्तर टक्के मतांनी काढता येईल, त्याचंही मत धरून. काढलेल्याला फक्त खात्यावरचं भांडवल, चोवीस हप्त्यांत. स्वतःहून नोटीस देऊन गेलं, तर वर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याइतका मोबदला. पण ठराव मांडल्यावर नोटीस चालणार नाही.

सरांचा उजवा हात नोव्हेंबरपासून थरथरत होता.

मेयोकने बेरीज तीनदा केली. आतापर्यंत चोंग-रझाली मिळून साठच. तिलगा त्यांच्याकडे गेली की ऐंशी. तिने हेही पानावर लिहिलं आणि खाली जोडलं: "तिलगाने दहाच टक्के घेतले तर तिघांचे मिळून सत्तरच होतात, पंचाहत्तर नाहीत."

मेयोक पान घेऊन गेली तेव्हा तिलगा सरांच्या खोलीतच होती. तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि आपल्या गुरूला म्हणाली, "सिफू, मला दहाच द्या."

"वीस सांगितले ते सगळ्यांच्या समोर," सर म्हणाले. "आता दहा केले, तर तुझी आई मला चिंगूस म्हणेल."

"तुम्ही आजच नोटीस द्या मग. मोबदला तरी मिळेल," मेयोक म्हणाली.

"चे, तू मला घरी बसवायला निघालीस? मी अजून डोंगर चढतो."

डोंगर ते चढत नव्हते. मेयोकनेच गेल्या महिन्यात त्यांना यंत्राची पेटी वर न्यायला चालकाकडे देताना पाहिलं होतं. पण माणूस स्वतःचा हात बघतो तेव्हा तो दहा वर्षांपूर्वीचा बघतो. तिने गोषवाऱ्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या. जानेवारीत तिलगा भागीदार झाली.

ऑगस्टमध्ये चोंगने सरांना काढायचा ठराव मांडला; फेब्रुवारीपासून सरांनी जागेवर मोजणी केली नव्हती. तो दुष्ट नव्हता. एका रबराच्या मळ्याची हद्द सरांच्या शेवटच्या नोंदीमुळे चार मीटर सरकली होती, आणि मालक वकिलाकडे गेला होता. बैठकीआधी चोंग तिलगाला पॅन्ट्रीत म्हणाला, "तुझ्याविना होणार नाही. मलाही आवडत नाही. पण फर्म तुझीही आहे."

तिलगा रात्रभर रडली असावी असं तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

बैठकीत मेयोक वही घेऊन बसली. "बाजूने कोण?"

चोंगचा हात वर गेला. मग रझालीचा. साठ. सगळे तिलगाकडे बघू लागले. तिचा हात मांडीवरून हलला, आणि त्याच क्षणी सरांचा थरथरणारा हात वर गेला.

"वीस," सर म्हणाले. "ऐंशी झाले ना, चे?"

"सर, तुम्ही…" रझाली खुर्चीतून अर्धवट उठला.

"पोरीला कशाला गुंतवायचं त्यात? तिचं मत विरोधात लिही. ती विरोधातच आहे. काय गं?"

तिलगाने मान हलवली.

मेयोकने लिहिलं: बाजूने ऐंशी, विरोधात वीस, ठराव मंजूर. तीन वर्षांच्या मोबदल्याचा आकडा तिने मनात मांडला. सरांनी वेळेत नोटीस दिली असती तर तो त्यांना मिळाला असता; आता गेला होता. सर उठले, दाराकडे जाताना त्यांनी तिलगाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तो खूप हलत होता, म्हणून त्यांनी तो लगेच काढून घेतला.