पौर्णिमेपर्यंतची नेमणूक

अंबादासला तुळजापूरच्या नगरपालिकेचा कागद आला आणि त्याच्या तात्यामामांना भाच्याचं लग्न एकदम सोपं वाटू लागलं. चौतीस वर्षांचा घोडा, आई-बाप कधीच गेलेले, दिवसभर लोकांच्या रानात रोजानं राबायचं आणि संध्याकाळी स्वतःच्याच हातची करपलेली भाकरी खायची. अशाला पोरगी कोण देणार? पण आता त्याच्याजवळ साहेबाच्या सहीशिक्क्याचा कागद होता.

कागद खोटा नव्हता. नवरात्राच्या यात्रेत आड-विहिरींत आणि पाण्याच्या पिंपांत औषधाची पूड टाकायची, पटकीची साथ येऊ द्यायची नाही, असं ते काम. नेमणूक तात्पुरती, दोन रुपये रोज, काम केलेल्या दिवसांपुरता. 'कायम नोकरीची अपेक्षा धरू नये. दिनांक १५ ऑक्टोबर १९६२ रोजी ही नेमणूक वेगळी नोटीस न देता आपोआप संपेल.' म्हणजे अश्विनी पौर्णिमेची यात्रा आटोपली, की अंबादासची नोकरीही आटोपली.

"तेवढं खालचं वाचायचं न्हाय," मामांनी ईट गावाला स्थळ बघायला जाताना एसटीतच बजावलं. "नाव वाच, नगरपालिका वाच, अन्‌ गप बस. खोटं बोल म्हणतोय का म्या?"

पितृपंधरवडा लागायच्या आत बोलणी उरकायची, म्हणून मामा घाईला आले होते. ईटचे महारुद्र आण्णा चांगले खातेपिते शेतकरी. त्यांची धाकटी लेक धुरपदा पंचविशी उलटली तरी घरातच होती. आण्णांना अक्षरओळख नव्हती, पण कागदाची पारख आपल्याला आहे, असा त्यांचा पक्का समज होता. आजोबांना देवळाच्या दिवाबत्तीसाठी जमीन मिळाली होती. तिची शिक्क्याची सनद निजाम गेला तरी घरात होती आणि जमीनही घरातच होती. सरकारी शिक्का एकदा उमटला, की नातवंडांपर्यंत हलत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांना कोण समजावणार?

"वाचा पाव्हणं," आण्णा म्हणाले.

अंबादासनं नाव वाचलं, नगरपालिका वाचली आणि तो थांबला. आण्णांनी शिक्क्यावर बोट फिरवलं, कागदाला हळदकुंकू लावलं आणि तो देव्हाऱ्यात सनदेशेजारी ठेवला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

मग पानं वाढली. आण्णांच्या कारभारीण लक्ष्मीबाई गुळवणी वाढताना म्हणाल्या, "आणखी एक पोळी घ्या. घरी कोण करून घालतं तुम्हांस्नी?"

"कुणी न्हाय," अंबादास म्हणाला.

आत बांगड्या वाजल्या. दाराआडून धुरपदा आईला हळूच म्हणाली, "तूप वाढ की अजून." झालं! आग्रहाची पोळी त्याच्या पानात किती वर्षांत पडली नव्हती. हे घर आपलं व्हावं असं त्याला इतकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. ही धुरपदा उद्या आपल्या चुलीपुढं बसणार आणि आपण तिच्यापासून एक तारीख लपवत फिरणार.

"आण्णा," तो म्हणाला, "त्या कागदात खाली आणखी लिवलंय."

मामांनी त्याच्या मांडीला चिमटा काढला. अंबादासनं सगळं सांगितलं. तारीखही सांगितली.

आण्णांची नजर देव्हाऱ्याकडं गेली. "शिक्का तर खराय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"खराय. पण पौर्णिमेपतुरच."

"आन्‌ पुढं?"

"पुढच्या नवरात्रात बोलावलं तर बोलावलं. न्हाय तर रोजानं रानात."

"पोरीला रोजानं जायला देणार न्हाय म्या," आण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "जेवा पोटभर. पान टाकून उठू नका."

अंबादास जेवला. पण दाराआडून पुन्हा कुणी काही वाढायला सांगितलं नाही. निघताना आण्णांनी देव्हाऱ्यातला कागद काढून त्याच्या हातात दिला. धुरपदा उंबऱ्यापर्यंत आली, पण दारात उभी असलेली आई बाजूला सरली नाही, तशी आत वळली.

फाट्यावर एसटीची वाट बघताना मामांचा बांध फुटला. "हाता-तोंडाशी आलेला घास घालवलास. खोटं कुठं बोलायचं व्हतं? नुसतं गप तर बसायचं व्हतं."

अंबादासनं कागदाची घडी करून खिशात घातली.

"मामा, गप तर म्या घरी रोजच बसतो," तो म्हणाला. "बोलायला कुणीतरी असावं, म्हनून बायको पायजे व्हती."