भाडेकरूचं वजन

क्रांती चौकामागच्या दुसऱ्या मजल्यावर केशवराव एकटे राहायचे. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा परदेशात रमला. दिवसभर तोंडातून शब्द निघायचा तो दूधवाल्याशी, आणि तोही 'अर्धा लिटर' एवढाच. संध्याकाळी मात्र कडूबा यायचा.

कडूबा देवगाव रंगारी गावचा. बजाजनगरात खोली घेऊन कारखान्यात राबायचा, पाळी संपली की थेट इथं. बी.एस्सी.चा एकच पेपर लटकला होता, तोही भौतिकशास्त्राचा. तो सुटला की पुण्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा तयार. उद्या पेपर.

"सर, हे शेवटचं गणित बघा बरं," कडूबानं कागद पुढं सरकवला. "हायड्रोजनच्या अणूत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या वेगात किमान किती अनिश्चितता? दरसाल येतंय म्हणं हे."

केशवरावांनी चष्मा चढवला. सुरुवात झकास होती. अणूची रुंदी दहाचा उणे दहावा घात मीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागेची अनिश्चितता तेवढीच. प्लांकचा स्थिरांक भागिले चार π, त्याला या रुंदीनं भागलं, की संवेगाची किमान अनिश्चितता: ५.३ गुणिले दहाचा उणे पंचविसावा घात. शाब्बास! आता वस्तुमानानं भागलं की वेगाची. आणि इथंच गड्यानं माती खाल्ली होती. त्यानं भागलं होतं अख्ख्या हायड्रोजन अणूच्या वस्तुमानानं. उत्तर: सेकंदाला सुमारे तीनशे सोळा मीटर.

आकडा कसा सभ्य दिसत होता! कुणाला शंकाही यायची नाही.

"बरोबर हाय ना, सर?"

केशवरावांच्या मनात पाप आलं. आलं म्हणजे काय, दार ढकलून आत येऊन बसलं. हा नापास झाला तर आणखी सहा महिने येईल. तेच जिने, तीच 'सर, हाय का घरात?' ही हाक. पास झाला की पुणं, मग कसला कडूबा आणि कसलं काय!

"हं," ते म्हणाले. "बरोबर आहे."

"लई उपकार झाले, सर. निघतो मग."

"निघतो काय रे? येतो म्हणावं. किती वेळा सांगायचं?"

कडूबा हसला, पाया पडला आणि जिना उतरू लागला. घर एकदम गप्प झालं. केशवरावांना स्वतःची इतकी लाज वाटली, की खुर्चीत बसवेना. जन्मभर पोरांना शिकवलं, आणि म्हातारपणी सोबतीच्या भुकेपायी एका पोराचं वाटोळं करायला निघालो? अरे, थू!

ते गॅलरीत धावले. कडूबा खाली गाडी सुरू करत होता.

"कडूबाऽ! थांब! कोंडलंय कुणाला?"

"आँ? इलेक्ट्रॉनला, सर!"

"मग वजन कुणाचं घेतलंस, गाढवा? तू बजाजनगरात भाड्यानं राहतोस. तुझं वजन विचारलं तर घरमालकाला काट्यावर बसवशील का?"

कडूबानं कपाळावर हात मारला. गाडीच्या सीटवरच कागद पसरला, मोबाईलवर भागाकार केला. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, ९.१ गुणिले दहाचा उणे एकतिसावा घात. मग तोंड वर करून ओरडला, "सर, पाच लाख ब्याऐंशी हजार... नाय, पाच लाख ऐंशी हजार धरा! सेकंदाला मीटर!"

"म्हणजे किती, कळलं का? इथून निघालास तर एका सेकंदात पावणेसहाशे किलोमीटरवरचं हैदराबाद! आणि इलेक्ट्रॉन तेवढ्या वेगानं जाईलच असं नाही, पण त्याच्या वेगाचा नेम किमान एवढा तरी सुटतोच. जागा जितकी लहान, तितका नेम कमी."

"व्हय सर! पण तुम्ही तर बरोबर म्हणाला होता?"

केशवराव गजाला धरून उभे राहिले. "खोटं बोललो रे. तू गेलास तर माझ्याकडं कोण येणार, म्हणून."

रस्त्यावरची दोन माणसं वर बघून गेली. मग कडूबानं कागदाची घडी खिशात घातली, हात जोडले आणि गेला.

निकाल लागला त्या दुपारी फोन वाजला. मागं बसस्थानकाचा गलका होता, कुणीतरी पुणं पुणं ओरडत होतं.

"पास झालो, सर! तेच गणित आलतं. उद्याच हजर व्हायचंय, भेटायला वेळच नाय झाला."

"छान, छान रे. जप स्वतःला."

गाडीचा हॉर्न वाजला. कडूबा घाईघाईत म्हणाला, "येतो, सर."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं ते बरोबर म्हटलं होतं. फोन कधीच बंद झाला होता, तरी केशवराव तो कानाला धरूनच म्हणाले, "ये."