सुगनबाईंचं दुधाळ रक्त

परीक्षानळीत रक्त गोठून वर जे पाणी सुटतं, ते फिकट पिवळं हवं. सुगनबाईंचं पांढरं दूध होतं. मी ती नळी ज्ञानचंदांच्या नाकासमोर धरली. दोंडाईच्याचे कापसाचे व्यापारी, पण बायकोच्या आजारात त्यांना कशाचाच हिशोब लागत नव्हता.

"तुम्हीच सांगितलं होतं, कमी खा, चाला," ते म्हणाले. "पर्युषणात तिनं तेला केला, तीन दिवसांचा उपास. नुसतं उकळलेलं पाणी, आणि रोज पायी स्थानकात, साधूंच्या प्रवचनाला. मग पारण्याच्या दूध-तुपानंतर पोटात कळ आली."

"आणि इन्शुलिन?"

"खायचंच नाही, तर सुई कशाला?"

माझं डोकं फिरलं. धुळ्यात दवाखान्याचं हे दुकान मांडून मी बसलोय कशासाठी? रक्तवाहिनीच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर बसलेलं असतं, मी ओरडूनच सांगितलं. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, फोडून ते स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना देतं. चालल्यानं ते स्नायूंत वाढतं, निरोगी माणसाच्या उपासातही तिथं टिकतं. पण ते नीट चालायला इन्शुलिन लागतं. सुई बंद केली की विकर ढेपाळतं, अंगातली चरबी मोकाट सुटून यकृतात जाते, यकृत ती पुन्हा रक्तात लोटतं. वर पारण्याचं तूप! उचलणारा कुणी नाही, मग स्वादुपिंड सुजतं. उपासात डोस कमी करायचा असतो, बंद नाही.

सलाईन आणि इन्शुलिनवर बाई वाचल्या. चार दिवसांनी नळीतलं पाणी पिवळं झालं. मला वाटलं, जिंकलो. पण सकाळी सिस्टर सुई घेऊन गेली तर बाईंनी हात पदराखाली घेतला.

"साहेब, ते विकर मला कळलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "सुई बंद केली तर पुन्हा असंच होणार, तेही कळलं. एकच सांगा. हे औषध कशातून काढतात?"

त्या काळी आमच्याकडे येणारं इन्शुलिन गायीच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. त्यांना ते औषधाच्या दुकानातल्या कुणीतरी पर्युषणाच्या तोंडावर सांगितलं होतं. म्हणून सुई बंद! आणि मी मूर्ख, चरबीवर प्रवचनं झोडत होतो.

"कत्तलखान्यातून," मी म्हटलं. खोटं बोलवेना, आणि बोलता आलं नाही याचाही राग आला. "दुसरं माझ्याकडे नाही. घेतलं नाही तर मराल."

"मग या जिवांचं पाप कुणाचं?"

"माझं!" मी खेकसलो. "सगळं माझं. आता हात द्या."

त्यांनी पदर सारून हात पुढे केला. सुई गेली तेव्हा त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मी ज्ञानचंदांना विचारलं, जप चाललाय का?

"नाही," ते म्हणाले. "तुमच्यासाठी क्षमा मागतेय."