नॉमिनी : सुशांत राणे, मुलगा

स्टेटमेंट ऋताने उघडलं. आत्याच्या म्युच्युअल फंडाचे इमेल तिच्याकडेच यायचे, कारण वनमाला राणेंनी टेलिफोन खात्यात सारी नोकरी काढली असली तरी इमेलशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. मुलुंड पूर्वेच्या त्या दोन खोल्यांच्या घरात रविवारी दुपारी ऋता जेवायला यायची आणि जेवणानंतर आत्याची कागदपत्रं बघून द्यायची.

"आत्या," ती मोबाईलवरून मान वर न करता म्हणाली, "तुला मुलगा आहे?"

वनमाला चहाचं आधण ठेवत होत्या. "काय?"

"सुशांत राणे. इथे लिहिलंय. नॉमिनी, सुशांत राणे, नातं, मुलगा."

वनमालांनी लग्न केलं नव्हतं. वय एकसष्ट. त्यांनी गॅस बारीक केला, चष्मा लावला आणि मोबाईल हातात घेतला. नाव बरोबर होतं, त्यांचंच. पत्ता बरोबर. फोलिओ नंबर, म्हणजे फंडातला त्यांच्या खात्याचा नंबर, तोही बरोबर. पण खाली बँक भलतीच. मुलुंडच्या बँकेऐवजी वाकोल्याच्या कुठल्याशा सहकारी बँकेची शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे सोडून बाकी फुल्या. आणि त्याखाली हा मुलगा.

"कोणीतरी पैसे काढायला टपलंय," ऋता म्हणाली. "आपण सेबीकडे तक्रार टाकूया. आत्ताच."

"पैसे आहेत का?"

"आहेत. युनिट्स आहेत तितकेच आहेत."

"मग थांब जरा." वनमाला पुन्हा त्या ओळीकडे बघत राहिल्या. घाबरायला हवं हे त्यांना कळत होतं, पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी येत होतं. हा कोण सुशांत? चोराने स्वतःला कोणाचा मुलगा कशाला म्हणवून घ्यावं?

सोमवारी दोघी घाटकोपरला रजिस्ट्रारच्या सेवा केंद्रात गेल्या. फंड कंपन्यांच्या गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवायचं काम हे रजिस्ट्रार करतात; पत्ता बदला, बँक बदला, नॉमिनी बदला, सगळं त्यांच्याकडे. काउंटरवर नंदकिशोर नावाचा चाळिशीचा माणूस होता. त्याने फोलिओ नंबर घातला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "गेल्या महिन्यात बँक आणि नॉमिनी, दोन्ही बदलायची रिक्वेस्ट आलीये मॅडम. तुम्हीच दिली असेल."

"मी दिली नाही."

"मेसेज गेलाय मोबाईलवर."

त्याने वाचून दाखवलेला नंबर वनमालांनी कधीच बंद केला होता. नवा नंबर कळवायचा राहिला होता. ऋताने कपाळाला हात लावला.

"तो फॉर्म दाखवता का?" वनमालांनी विचारलं. "सही बघायचीय मला. कोणाची आहे ती."

"असं दाखवता येत नाही. दुसऱ्या कोणाचा असला तर त्याचे कागद तुम्हाला कसे देणार?" त्याने ड्रॉवरमधून फॉर्म काढला. "हा बँक बदलायचा फॉर्म भरा. नव्या खात्याचा कॅन्सल चेक, नाव छापलेला. आणि जुन्या खात्याचा पुरावा."

वनमालांनी फॉर्म वाचला. टेलिफोन खात्यात शेवटची दहा वर्षं त्या तक्रार विभागात होत्या. फॉर्म वाचल्याशिवाय पेन उचलायचा नाही ही सवय तिथली.

"जुनं खातं म्हणजे तुमच्या नोंदीत आत्ता जे आहे तेच ना?"

"हो."

"म्हणजे वाकोल्याचं. त्याचा पुरावा मी कुठून आणू? ते माझं नाहीच."

नंदकिशोरने फॉर्मकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "हां," तो म्हणाला. मग त्याने फॉर्म परत आपल्याकडे ओढला. "हा तुमच्यासाठी नाहीच. तुम्ही बदल मागत नाही आहात, झालेला बदल रद्द करायला सांगताय. त्याला पत्र लागेल. तुमच्या शब्दांत, सहीनिशी. ते हेड ऑफिसला जाईल, तिथे मूळ फॉर्म काढून बघतील. तोवर मी फोलिओवर तक्रारीची नोंद टाकतो, म्हणजे कोणी पैसे काढायला आलं तरी व्यवहार पुढे जाणार नाही."

तिथल्याच बाकावर बसून वनमालांनी पत्र लिहिलं. ऋता शेजारून सांगत होती, "फसवणूक लिही. गुन्हा लिही."

"मला माहीत नाही फसवणूक आहे का. माहीत नाही ते कसं लिहू?"

पत्रात त्यांनी एवढंच लिहिलं : फोलिओ नंबर आणि पॅन. सध्याच्या नोंदीत असलेली बँक व नॉमिनी माझे नाहीत. असा बदल करण्याची विनंती मी केलेली नाही आणि तशा कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. पूर्वीची बँक पुढीलप्रमाणे, ती पुन्हा नोंदवावी. हा बदल कोणत्या अर्जावरून झाला आणि सही व पॅन जुळवून पाहिले होते का, हे लेखी कळवावं. माझा नवा मोबाईल नंबर नोंदवावा. सोबत पॅनची स्वसाक्षांकित प्रत, नाव छापलेला रद्द केलेला चेक, आणि जुनं स्टेटमेंट, ज्यावर माझीच बँक दिसते.

शेवटी एक ओळ त्यांनी स्वतःच्या मनाने घातली : सदर सुशांत राणे यांना त्यांच्या योग्य जागी पोचवावं, ही विनंती.

"हे कशाला?" ऋता म्हणाली.

"तो कोणाचा तरी मुलगा असेलच ना? त्याच्या आईच्या कागदावर तो नसेल आता."

नंदकिशोरने पत्र वाचलं, त्या ओळीपाशी थांबला. प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारला आणि तक्रार क्रमांक लिहून दिला. "नॉमिनीचं एक सांगतो," तो म्हणाला. "बदल रद्द झाला की आधीचं नाव परत येईल. कोण होतं?"

"माझा भाऊ. सीताराम." वनमालांनी ऋताकडे पाहिलं. "हिचे बाबा. दोन वर्षं झाली त्याला जाऊन."

"मग नॉमिनेशनचा नवा फॉर्म द्यावा लागेल. विचार करून या."

पुढचा आठवडाभर ऋता रोज फोन करून विचारायची, काही कळलं का. वनमालांना दुसरंच विचारावंसं वाटायचं. माशांच्या पाट्यांपुढे उभ्या असताना, दुपारी आडव्या झाल्यावर, त्यांना तो सुशांत दिसायचा. कधी कॉलेजातला, कधी टक्कल पडलेला. तो आईला विचारून काम करतो का? तिने कोणाला न सांगता त्याचं नाव घातलं असेल का? एकदा तर त्यांना वाटलं, आपल्याला असता तर एव्हाना पस्तिशीचा असता. त्या विचाराचं त्यांनाच नवल वाटलं. इतकी वर्षं तो कधी आला नव्हता.

मग केंद्रातून फोन आला : मूळ पॅन कार्ड घेऊन या, मंगळवारी अकराला.

त्या दिवशी बाकांवर वनमाला आणि ऋता सोडून पाच-सहा माणसं होती. नंदकिशोरने मान वर करून हाक मारली, "वनमाला राणे!"

वनमाला उठल्या. त्यांच्या मागच्या बाकावरून दुसरी एक बाई उठली. सत्तरीची, बुटकी, नऊवारीतली, खांद्याला कापडी पिशवी. तिच्याबरोबर लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा शर्ट घातलेला एक जाडजूड माणूस.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू पण वनमाला राणे?" म्हातारी म्हणाली. "खंयची गो तू?"

"देवगडकडची. आता मुलुंडला असते." वनमालांची नजर त्या माणसाकडे गेली. "आणि हा सुशांत."

तो दचकला. "तुम्हाला कसं माहीत?"

"गेले काही दिवस तू माझा मुलगा होतास."

म्हातारीला हसू आवरेना. बाकावरची माणसंही बघायला लागली. नंदकिशोरने दोघींना आत टेबलापाशी बसवलं आणि काय झालं ते सांगितलं. वाकोल्याच्या वनमालाबाईंचे यजमान नॉमिनी होते, ते वारले. बाईंच्या जुन्या बँकेची शाखा घरापासून लांब पडायची. म्हणून त्यांनी दोन्ही बदलांचे फॉर्म भरून दिले. हाताने लिहिलेल्या फोलिओ नंबरातला एक आकडा नोंदणीवाल्याने सात वाचला. तो एक होता. सात लावल्यावर स्क्रीनवर वनमाला राणे हेच नाव आलं, आणि त्याने पुढे काही पाहिलं नाही.

"पॅन जुळवायला हवा होता, सही जुळवायला हवी होती," नंदकिशोर म्हणाला. "दोन्ही केलं नाही. चूक आमची आहे. तसं लेखी येईल दोघींना." त्याने दोन्ही पॅन कार्डं तपासली आणि परत दिली.

"माझो एकाचो आकडो असोच असता," म्हातारी म्हणाली. "वरसून वाकडो." मग सुशांतकडे बोट दाखवत ती वनमालांच्या जवळ सरकली. "तुका झील नाय?"

"लग्नच नाही केलं."

"बरा केलंस." तिने पिशवी मांडीवर घेतली. "मगे तुझ्या कागदार कोण?"

हा प्रश्न गेल्या आठ दिवसांत ऋताने विचारला नव्हता. वनमालांनीही तिला विचारलं नव्हतं. ती बाजूला उभी राहून मोबाईल बघत होती, किंवा बघतेय असं दाखवत होती.

"ही माझी भाची," वनमाला म्हणाल्या. "तिला विचारायचंय अजून."

"मगे इचार ना! माका बघ, मी ह्याका इचारलंय नाय. हय बोलवल्याचो कागद घरात इलो तेव्हा ह्याका कळला."

सुशांत मान खाली घालून म्हणाला, "मी म्हटलं होतं ताईचं पण नाव घाल. दोघांची घालता येतात ना, सर?"

"येतात. कोणाला किती टक्के ते लिहायचं. आणि ध्यानात ठेवा, नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते सांभाळायला. मालकी वारसांची. वेगळं काही मनात असेल तर मृत्युपत्र करा."

म्हातारीने लेकाकडे पाहिलं. "मगे माका पण नवो फॉर्म दी," ती नंदकिशोरला म्हणाली. "चेडवाचा नाव घालूचा रवला."

ती आणि सुशांत टेबलाच्या एका टोकाला फॉर्म भरायला बसले. दुसऱ्या टोकाला वनमालांनी आपला फॉर्म पुढे घेतला. नाव, नातं, पत्ता, मोबाईल, इमेल, आधारचे शेवटचे चार आकडे.

"ऋता, इकडे बस."

ती बसली.

"तुझं नाव घालू का?"

"मिहिरचं घाल ना. दादा मोठा आहे."

"मी मिहिरला नाही विचारत, तुला विचारतेय. घालू का? नको असेल तर नको म्हण."

ऋताने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. "मला वाटायचं," ती हळू म्हणाली, "मी दर रविवारी येते ते ह्यासाठी येते असं वाटेल तुला. म्हणून मी विषयच काढला नाही."

"वेडी आहेस. तू बिरड्याच्या उसळीसाठी येतेस." वनमालांनी पेन उघडला. "नातं काय लिहू? भाची की भावाची मुलगी?"

"काय लिहायचं ते लिही. आधारचे शेवटचे आकडे सांगते, घे."

ऋताने सांगितलेले आकडे वनमालांनी एकेक करून चौकटीत घातले. मग फॉर्म फिरवून नंदकिशोरपुढे धरला आणि म्हणाल्या, "वाचा बघू मोठ्याने." त्याने वाचले. बरोबर होते. त्यांनी सही केली.

पंधरवड्याने स्टेटमेंट आलं. बँक मुलुंडची, नॉमिनी ऋता सीताराम राणे. रजिस्ट्रारचं पत्रही आलं, चूक कबूल केल्याचं, दिलगिरीचं. ऋताने ते दोनदा वाचून दाखवलं. वनमालांनी ते फायलीत लावलं आणि वाकोल्याला फोन केला, तिकडचं सगळं नीट झालं का ते विचारायला. फोन म्हातारीच्या मुलीने उचलला आणि आधी विचारलं, कोण बोलतंय.

"वनमाला राणे," त्या म्हणाल्या.

पलीकडे रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग ती ओरडली, "आये, तुझाच फोन आहे!"